‘याच पुलावरून’ हे दोन शब्द

*मी कळव्याचा, वय २९. नोकरी ऐरोलीला. सुट्टीच्या दिवशी ठाण्यातल्या जुन्या जागांवर मराठीत यूट्यूब व्हिडिओ करतो. खाडीवरच्या रेल्वे पुलाच्या व्हिडिओला मी शीर्षक दिलं होतं, ‘भारतातली पहिली रेल्वे याच पुलावरून धावली!’ थंबनेलवर पुलाकडे लाल बाण आणि ‘पहिली ट्रेन इथून’. तो ३८ हजारांवर गेला, माझा सगळ्यात चाललेला व्हिडिओ. चार दिवसांपूर्वी एकांनी खाली लिहिलं, ‘मुला, मी ३४ वर्षं रेल्वेत काढली. पहिली गाडी ठाण्यालाच थांबली होती. शीर्षक दिशाभूल करणारं आहे.’ व्हिडिओत मी हे बरोबरच सांगितलंय, फक्त ४:२२ ला बोलण्याच्या ओघात ‘पहिली गाडी इथून गेली’ असं तोंडून गेलं. मित्र म्हणतो, कमेंट उडव, चालणारं शीर्षक बदललंस तर व्हिडिओ मरेल. मला वाटतं, ‘शीर्षक आणि वर्णन दुरुस्त करतो’ असं उत्तर द्यावं. पण मग आपणच चूक कबूल केल्यासारखं होतं, आणि बाकीचे तुटून पडतील. शिवाय आकडे बघितले तर ४० टक्के लोक पहिल्या अर्ध्या मिनिटातच निघून जातात, आणि ३:५० जवळ, जिथे पूल दिसतो, तिथे आलेखाला उंचवटा आहे. काय करू?*

उत्तर द्या, आणि आजच द्या. चार दिवस झालेत. पाचव्या दिवशी त्या कमेंटखाली दुसराच कुणीतरी तुमच्या वतीने भांडायला लागेल, मग ते आवरणं आणखी कठीण.

तुमच्या पत्रात एक वाक्य मला जरा अडलं. ‘व्हिडिओत मी हे बरोबरच सांगितलंय.’ हे तुम्हाला बचाव वाटतं, मला ती तक्रारीची बाजू वाटते. आत बरोबर आणि बाहेर चूक असेल, तर बाहेरचं तुम्ही जाणूनबुजून लिहिलं असं बघणारा धरून चालतो. तुम्हाला इतिहास माहीत नव्हता असं ते रेल्वेतले काका म्हणतच नाहीयेत. माहीत असून पाटी वेगळी लावली, एवढंच ते म्हणतायत. मी पूर्वी एका दैनिकात उपसंपादक होतो. बातमी लिहिणारा एक आणि मथळा देणारा दुसरा, अशी तिथे पद्धत. मथळा चुकला की बातमीदार म्हणायचा, मी तर बरोबर लिहिलं होतं. तुमच्याकडे दोन्ही खुर्च्यांवर तुम्हीच बसता, त्यामुळे हे वाक्य ऐकवायला समोर कुणी नाही.

आता चूक नेमकी कुठे आहे ते बघू. उत्तरात तेच लिहायचंय. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून निघालेली गाडी ठाण्यापर्यंत आली. चौदा डबे, साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिनं, सुमारे ४०० पाहुणे आणि २१ तोफांची सलामी. अंतर सुमारे ३४ किलोमीटर. पुढे कल्याणपर्यंतचा मार्ग १ मे १८५४ ला सुरू झाला, आणि खाडी ओलांडायचा प्रश्न तेव्हाच आला. म्हणजे तुमच्या शीर्षकातली गाडी आणि तुमच्या शीर्षकातला पूल यांच्यात एक वर्षाचं अंतर आहे. काकांचं म्हणणं इथपर्यंत पूर्ण बरोबर.

पण शीर्षकात आणखी दोन शब्द आहेत ज्यांच्याकडे काकांनी बोट दाखवलेलं नाही. एक ‘पहिली रेल्वे’. १८५३ ची गाडी ही पहिली प्रवासी रेल्वे. त्याआधी मद्रासजवळ रेड हिल्सला १८३७ मध्ये दगड वाहण्यासाठी रूळ टाकलेले होते, आणि रुडकीजवळ सोलानी जलसेतूच्या बांधकामावर १८५१ मध्ये माल ओढायला वाफेचं इंजिन चाललं होतं. ‘प्रवासी’ हा शब्द घातला की हा वाद उरत नाही. दुसरा शब्द ‘याच’. तुम्ही कॅमेऱ्यात जो पूल दाखवताय तो १८५४ मध्ये बांधलेलाच आहे, असा कोणता पुरावा व्हिडिओत आहे? पत्रात तर काही नाही. पूल दुरुस्त होतात, त्यांचे भाग बदलतात, शेजारी नवे उभे राहतात. पुरावा हाती नसेल तर ‘याच’ काढा, ‘खाडी’ ठेवा. खाडी तीच आहे, यावर कुणी वाद घालणार नाही.

हे आत्ताच तपासून घ्या म्हणतो, कारण दुरुस्त शीर्षकावर पुन्हा तक्रार आली तर तेव्हा मात्र खरंच नाचक्की होते.

मित्राच्या भीतीकडे वळतो, कारण ती सगळ्यांनाच असते. शीर्षक बदललं की व्हिडिओचा पत्ता बदलत नाही, व्ह्यूज शून्यावर जात नाहीत, कमेंट्स जागच्या जागी राहतात. बदलतो तो बघणाऱ्याचा प्रतिसाद. नव्या शीर्षकावर कमी लोक क्लिक करतील, हे शक्य आहे आणि मी ते लपवणार नाही. ‘याच पुलावरून पहिली ट्रेन’ या वाक्यात जो धक्का आहे तो ‘१८५४ मध्ये खाडी ओलांडली’ यात नाही. पण तुमचेच आकडे दुसरी बाजू सांगतात. अर्ध्या मिनिटात ४० टक्के जाणं हा एकट्या शीर्षकाचा दोष आहे असं छातीठोकपणे म्हणता येणार नाही. सुरुवातीलाच लांबलचक ओळख करून दिली तरी लोक जातात. मात्र ३:५० चा उंचवटा बोलका आहे. लोक मधलं सोडून थेट पुलापाशी उडी मारतायत किंवा तो भाग मागे नेऊन पुन्हा बघतायत. म्हणजे शीर्षकाने ज्याचं आमिष दाखवलं ते शोधायला ते निघालेत. तिथे पोहोचल्यावर त्यांना ‘पूल पुढच्या वर्षीचा’ असं ऐकू येतं. बाकीचे गप्प निघून गेले, काकांनी लिहायचे कष्ट घेतले.

बदल करण्याआधी आजचे आकडे वहीत लिहून ठेवा. किती जणांना दिसला आणि त्यातल्या किती टक्क्यांनी उघडला, तिसाव्या सेकंदाला किती उरले, सरासरी किती मिनिटं बघितला. बदलानंतर किमान दोन आठवडे थांबून तेच बघा. दुसऱ्या दिवशी सकाळी बघून घाबरू नका. जुन्या व्हिडिओचे व्ह्यूज तसेही उतरत जातात, तेवढी उतरण शीर्षकाच्या खात्यावर टाकू नका. उघडणारे कमी झाले आणि थांबणारे वाढले, तर बदल पचला.

आणि बदल न करण्यातही धोका आहे. जो व्हिडिओत नाही तो दावा शीर्षकात किंवा थंबनेलवर करणं यूट्यूबच्या नियमांत बसत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये कंपनीने भारतासाठी अशा शीर्षकांवर कारवाई कडक करण्याचं जाहीर केलं, विशेषतः ताज्या घडामोडींच्या बाबतीत. १८५३ ही ताजी घडामोड नाही, त्यामुळे उगाच धास्ती घेऊ नका. ‘चालतंय तर चालू दे’ म्हणणाऱ्या मित्राला मात्र एवढं सांगा.

आता काम. शीर्षक आधी.

मी पहिल्यांदा लिहिलं, ‘पहिली प्रवासी रेल्वे ठाण्यालाच का थांबली?’ मग खोडलं. तुमचा व्हिडिओ ‘का’ या प्रश्नाचं उत्तर देतो असं पत्रावरून वाटत नाही. दिलं नसेल तर आपण एका फसव्या शीर्षकाच्या जागी दुसरं बसवू. नंतर हे सुचलं:

‘पहिली प्रवासी रेल्वे ठाण्यापर्यंत आली, मग रुळांनी खाडी कधी ओलांडली?’

याचं उत्तर व्हिडिओत आहे, आणि उंचवट्यापाशीच आहे. शीर्षकाला १०० अक्षरांची मर्यादा असते. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वारही त्यात वेगवेगळे मोजले जातात, त्यामुळे मराठी शीर्षक वाटतं त्यापेक्षा लवकर भरतं. वरचं सत्तरच्या आत बसतं. फोनच्या यादीत शीर्षकाचं शेपूट कापलं जातं, म्हणून ‘ठाण्यापर्यंत’ हा खुलासा करणारा शब्द सुरुवातीला हवा. तो शेवटी टाकलात तर कापलेलं शीर्षक पुन्हा जुन्यासारखंच वाचलं जाईल.

वर्णनात लोक ‘आणखी’ वर बोट ठेवण्याआधी फक्त पहिल्या एकदोन ओळी वाचतात. तिथे हॅशटॅग आणि ‘सबस्क्राइब करा’ असेल तर खाली सरकवा आणि वर हे घ्या:

‘१६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून निघालेली पहिली प्रवासी गाडी ठाण्यापर्यंत आली. खाडी ओलांडून कल्याणपर्यंतचा मार्ग १ मे १८५४ ला सुरू झाला. हा व्हिडिओ त्या दुसऱ्या टप्प्याचा आहे.’

त्याखाली वेगळ्या परिच्छेदात: ‘दुरुस्ती: आधीच्या शीर्षकात आणि थंबनेलवर पहिली गाडी या पुलावरून गेली असं लिहिलं होतं. ते चुकीचं होतं. एका प्रेक्षकांनी दाखवून दिल्यावर बदललं.’ आणि बदलाची तारीख. तारीख असली की उद्या कुणी जुन्या शीर्षकाचा फोटो काढून आणला तरी सांगायला जागा राहते.

थंबनेल तुम्ही विसरलात. तुमच्या ठरवलेल्या उत्तरात ‘शीर्षक आणि वर्णन’ एवढंच आहे. पण काकांनी आधी बघितला तो लाल बाण. शीर्षक बदललं आणि बाण तसाच राहिला, तर आता दोघांत उघड भांडण दिसेल. चित्र नवं करायला वेळ लागत असेल तर आज रात्री बाण आणि अक्षरं काढून नुसता पुलाचा फोटो टाका, सजावट रविवारी करा.

राहिलं ४:२२. इथे दोन वाटा आहेत. यूट्यूब स्टुडिओच्या एडिटरमध्ये ते पाच-सहा सेकंदांचं वाक्य कापता येतं. प्रक्रिया पूर्ण होईपर्यंत लोकांना जुनाच व्हिडिओ दिसतो, आणि पुढच्या सगळ्या वेळा तेवढ्या सेकंदांनी अलीकडे येतात, म्हणून वर्णनात प्रकरणांच्या वेळा दिल्या असतील तर त्याही बदलाव्या लागतात. फाइल मात्र बदलता येत नाही. त्याच पत्त्यावर नवा व्हिडिओ चढवण्याची सोय नाही. दुसरी वाट म्हणजे वाक्य राहू द्यायचं आणि वर्णनात अशी नोंद करायची:

```
Correction:
4:22 पहिली गाडी (१८५३) ठाण्यापर्यंतच आली होती. खाडीपलीकडचा मार्ग १८५४ मध्ये सुरू झाला.
```

पहिला शब्द इंग्रजीतच लागतो, बाकी मराठी चालतं. प्रकरणांच्या वेळा असतील तर ही नोंद त्यांच्या खाली टाका. मग त्या वेळेला व्हिडिओवर दुरुस्तीची छोटी पाटी येते. मी असतो तर हीच वाट घेतली असती. कापलं तर वाक्य नाहीसं होतं आणि काकांची कमेंट निराधार दिसायला लागते. नंतर येणारा म्हणेल, हे म्हातारे कशावर चिडलेत? पैशांचा किंवा औषधाचा आकडा चुकला असता तर मात्र कापायलाच सांगितलं असतं, कारण तिथे कुणी चुकीचं ऐकून तसं वागेल.

आता काकांना उत्तर. त्यांनी तुम्हाला ‘मुला’ म्हटलंय, तेव्हा ‘काका’ चालेल. ‘सर’ नको, त्यात ग्राहक सेवेचा वास येतो.

‘नमस्कार काका. तुमचं बरोबर आहे. १८५३ ची गाडी ठाण्यालाच थांबली, खाडीपलीकडे रूळ १८५४ मध्ये गेले. शीर्षकात आणि थंबनेलवर मी उलटं लिहिलं, आणि ४:२२ ला बोललोही. शीर्षक, वर्णन आणि थंबनेल आज रात्री ९ पर्यंत बदलतो. बदललं की इथेच कळवतो.’

बघा, यात ‘गैरसमज झाला असल्यास क्षमस्व’ नाही. गैरसमज काकांचा झालेला नाही, आणि ‘असल्यास’ म्हटलं की चूक पुन्हा त्यांच्या अंगावर जाते. ‘लक्ष वेधण्यासाठी असं लिहावं लागतं’ हेही नाही. ते खरं असेल, पण ज्याची फसगत झाली त्याला फसवण्याची गरज समजावून सांगू नये. आश्वासनात ‘लवकरच’ नाही, वेळ आहे. आजच वेळ मिळणार असेल तर सरळ आधी बदला आणि मग ‘बदललं’ असंच लिहा, वचनाची भानगडच नको. मात्र रविवारपर्यंत जमणार नसेल, तर आज नुसतं उत्तर आणि वार सांगणं हे रविवारपर्यंत गप्प राहण्यापेक्षा बरं. बदलल्यावर पहिलं उत्तर संपादित करू नका, त्याखाली नवं लिहा: ‘काका, बदललं. बघून सांगा.’ संपादित केलेलं त्यांच्या नजरेला पडेलच असं नाही. नव्या उत्तराची सूचना जाते.

बाकीचे तुटून पडतील म्हणता. चूक नेमक्या शब्दांत कबूल केली की तुटून पडायला फारसं उरत नाही. लोक चघळतात ते अर्धवट कबुलीला. तरी एक काळजी घ्या. काकांची कमेंट पिन करू नका. तुमच्या चाहत्यांतले दोघेतिघे त्यांच्यावर धावून जातील, आणि त्या माणसाने ती मागणी केलेली नाही. स्वतःची वेगळी कमेंट लिहा, दुरुस्तीच्या तीन ओळी, नाव न घेता आभार, आणि ती पिन करा. उत्तर पिन होत नाही, स्वतंत्र कमेंटच लागते. मूळ कमेंट उडवायचं तर मनातही आणू नका. ज्यांनी ती वाचली आहे, त्यांना ती नाहीशी झाल्याचं कळेल.

हीच तक्रार वेगळ्या रूपात नवी मुंबईच्या एका वाचकाने मागे कळवली होती. त्यांनी ऑक्टोबर २०२५ मध्ये ‘नवी मुंबई विमानतळ सुरू झाला’ असा व्हिडिओ टाकला. ८ ऑक्टोबरला उद्घाटन झालं होतं, पण विमानं उडायला लागली २५ डिसेंबरला. मधल्या अडीच महिन्यांत लोक खाली विचारत राहिले, ‘तिकीट कुठे मिळतंय?’ त्यांना वाटत होतं, उद्घाटन झालं म्हणजे सुरूच की. ‘सुरू’ हा शब्द प्रवाशाच्या कानाने ऐकला तर त्याचा अर्थ वेगळा होतो. तिथे फक्त ‘उद्घाटन’ लिहिलं की काम झालं, माफीची गरजच नव्हती. आणि तक्रारच चुकीची असेल, म्हणजे शीर्षकात आहे ते व्हिडिओत खरंच असेल, तर शीर्षकाला हात लावू नका. कितव्या मिनिटाला आहे ते सांगा. पण एकाच गोष्टीवर तीनचार जण चुकत असतील, तर ती त्यांची चूक धरू नका. वर्णनाच्या पहिल्या ओळीत खुलासा घाला.

तुमच्याकडे परत येतो. दुरुस्तीनंतर जिथे जिथे जुनं शीर्षक चिकटलंय ती ठिकाणं एकदा फिरून या. इंग्रजी शीर्षकाचं भाषांतर जोडलं असेल तर ते मराठीबरोबर आपोआप बदलत नाही. परदेशातल्या भाच्याच्या फोनवर पहिली ट्रेन अजून त्याच पुलावरून जात असेल. दुसऱ्या व्हिडिओच्या शेवटी या व्हिडिओकडे बोट दाखवताना तुम्ही काय लिहिलंय, प्लेलिस्टच्या वर्णनात काय आहे, तेही बघा. व्हॉट्सअॅपवर फिरलेल्या जुन्या दुव्यांवरचं चित्र आणि मथळा तसाच राहतो, तो तुमच्या हातात नाही. तुमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तुम्हीच टाकला असेल, तर दुरुस्तीची एक ओळ तिथेही टाका.

आणि काकांनी ‘बघितलं, ठीक आहे’ असं उत्तर दिलं, तर त्यांना विचारा की तुम्ही दाखवलेल्या पुलाचा कुठला भाग जुना आहे हे त्यांना माहीत आहे का. ३४ वर्षं रेल्वेत काढलेल्या माणसाला कदाचित माहीत असेल. ‘याच’ हा शब्द तुम्ही त्यानंतर परत आणू शकता.